नाशिकच्या नोकरीचं त्याला कसं कळलं?

ताई, आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. डोंबिवलीत राहतो. मी, बायको, सहा वर्षांची मुलगी आणि माझी आई. बायको फोर्टमध्ये एका सीए फर्ममध्ये आहे. सप्टेंबरपासून आठवड्यातले तीन-चार दिवस तिला घरी यायला साडेअकरा-बारा होतात. तिचा सीनियर कल्याणला राहतो, तोच गाडीने सोडतो. गाडी बिल्डिंगखाली थांबते आणि दोघं दहा-पंधरा मिनिटं आत बसून बोलत असतात, हसत असतात. मी गॅलरीतून बघतो आणि ती वर आली की झोपल्याचं सोंग घेतो. घरात आल्यावर ‘दमले रे’ एवढंच. आई रोज विचारते, ‘आज पण तोच आला होता का सोडायला?’ एकदा मुलीचे फोटो शोधायच्या निमित्ताने मी तिचं व्हॉट्सॲप उघडलं. सगळं कामाचंच होतं, मध्येच त्याचा एक मेसेज, ‘पोचलो. झोप आता, उद्याचं उद्या बघू.’ यात वावगं काही नाही, तरी रात्रभर झोप लागली नाही. दिवाळीत तिच्या ऑफिसच्या जेवणाला गेलो होतो. तिथे त्याने मला सहज विचारलं, ‘मग, नाशिकच्या नोकरीचं काय ठरलं?’ ती ऑफर आल्याचं मी आईलाही सांगितलेलं नाही. मला बायकोवर संशय घ्यायचा नाही. नोकरी सोड म्हणणाऱ्यातलाही मी नाही. पण गप्प बसलो तर आत कुढतो, आणि बोलायचं तर काय बोलू?
– एक नवरा, डोंबिवली

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना माझंही लक्ष त्या गाडीकडेच गेलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की उशीर, गाडी, हसणं, मेसेज यातलं काहीही तुम्हाला खरं लागलेलं नाही. हे सगळं सप्टेंबरपासून चालू होतं आणि तुम्ही ते कसंबसं निभावत होतात. तुम्हाला लागलं ते दिवाळीच्या जेवणात विचारलेलं एक वाक्य. म्हणून उत्तर तिथूनच सुरू करते.

तरीही आधी उशिराचा हिशोब करून टाकू, कारण तो सोपा आहे आणि बायकोच्या बाजूने जातो. सीएच्या ऑफिसात सप्टेंबर ते डिसेंबर म्हणजे एकामागून एक तारखा. टॅक्स ऑडिटचा अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत, ऑडिटवाल्यांची विवरणपत्रं ३१ ऑक्टोबरपर्यंत, ज्यांचे परदेशातल्या संबंधित कंपन्यांशी व्यवहार आहेत त्यांची ३० नोव्हेंबरपर्यंत आणि जीएसटीचं वार्षिक विवरण ३१ डिसेंबरपर्यंत. त्यात कधी मुदतवाढ मिळाली तर काम संपत नाही, फक्त लांबतं. क्लायंट कागद आणून देतात ते शेवटच्या आठवड्यात, आणि मग रात्री साडेदहाला कोणीतरी म्हणतं, ‘एवढी एक फाइल अपलोड करून निघू.’ तुम्ही ‘ऑडिट तर संपलं, मग अजून उशीर का?’ असं मनात मोजत असाल, तर ते मोजमाप चुकीचं आहे.

जानेवारी उजाडला की हा उशीर कमी व्हायला हवा. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, फर्मकडे बँकांच्या शाखांचं ऑडिट असेल तर, तो पुन्हा वाढेल. उशीर कामाच्या तारखांबरोबर वरखाली होत असेल तर तो कामाचाच. तारखा निघून गेल्या आणि उशीर तसाच राहिला, तर विचारायला जागा आहे. आज ती जागा नाही.

राहता राहिलं सोडायला येणं. फोर्टहून साडेदहाला निघालेली बाई सीएसएमटीला लोकल पकडेल, डोंबिवलीला उतरेल आणि रिक्षासाठी उभी राहील, की कल्याणला त्याच रस्त्याने जाणाऱ्या माणसाच्या गाडीत बसेल? मी तिच्या जागी असते तर गाडीतच बसले असते. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि तिच्या सुरक्षिततेची व घरी पोचवण्याची सोय मालकाने करायची असते. लहान ऑफिसांपर्यंत तो कायदा पोचत नाही, आणि जिथे पोचतो तिथेही ‘अगं, तो सोडेल ना तुला’ यावरच भागवलं जातं. ही सोय ऑफिसने करावी असं तिला वाटत असेल तर तिने ती जरूर मागावी. पण तुम्ही हा कायदा वाचून ‘तू कंपनीकडे गाडी माग’ असं सुचवू नका. तुमच्या तोंडून ते सुरक्षिततेचं वाटणारच नाही. ‘त्याच्या गाडीत बसू नकोस’ एवढंच तिला ऐकू येईल, आणि खरं सांगायचं तर तुमच्या मनातही तेच असेल.

आता नाशिक.

शर्ली ग्लास नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ होत्या. विश्वास तुटलेल्या जोडप्यांबरोबर त्यांनी अनेक वर्षं काम केलं. त्यांची एक साधी कल्पना मी समुपदेशनात नेहमी वापरते. नवरा-बायकोमध्ये खिडकी असावी आणि बाहेरच्या माणसांच्या बाजूला भिंत. म्हणजे बाहेर जे घडतं ते जोडीदाराला दिसावं आणि घरातलं बाहेरच्याला सगळं दिसू नये. कोणाशी किती तास बोललं, किती हसलं, यावरून त्या धोका मोजत नसत. खिडकी कुठे आहे आणि भिंत कुठे, हे बघत. ऑफिसातल्या माणसाशी रोज दोन तास बोलून घरी ‘आज तो असं म्हणाला’ हे सांगणाऱ्या बाईची खिडकी जागेवर आहे. पाचच मिनिटं बोलणारी, पण ती पाच मिनिटं घरी लपवावीशी वाटणारी, तिची जागा बदलायला लागली आहे.

तुमच्या घरात काय झालंय बघा. गाडीत नाशिकचा विषय निघाला. घरी ‘दमले रे’. तुमच्या संसारातला एक मोठा, न ठरलेला, काळजीचा निर्णय बाहेरच्या माणसाला माहीत आहे, आणि तिचा दिवस कसा गेला हे तुम्हाला माहीत नाही. तुम्हाला जी अस्वस्थता वाटते ती खुळी नाही. ती या अदलाबदलीची आहे. तिने काही पाप केलंय असा याचा अर्थ नाही. बहुतेकदा हे कोणी ठरवून करत नाही. रात्री साडेदहाला, रिकाम्या रस्त्यावर, शेजारी बसलेला माणूस विचारतो, ‘काय गं, आज गप्प का?’ आणि बाई बोलते.

इथे तुम्हाला एक टोचणारा प्रश्न विचारते. तुम्ही तिला गाडीतून उतरताना बघता आणि ती वर आल्यावर झोपल्याचं सोंग घेता. तिच्या बाजूने बघा. ती दार हळूच उघडते, दिवा लावत नाही, सासूबाईंची झोप मोडेल म्हणून ताट मायक्रोवेव्हमध्ये न टाकता गारच जेवते, आणि नवरा भिंतीकडे तोंड करून झोपलेला. तिला कोणाशी बोलायचं असेल तर ती कोणाशी बोलेल? गाडीतली ती पंधरा मिनिटं तुम्हाला तिकडची ओढ वाटते. ती वर येऊन कोणाशी बोलायचं नाही म्हणून खालीच संपवून यायची सवयही असू शकते. दोन्ही शक्य आहे. गॅलरीतून यातलं कोणतं खरं ते कळत नाही.

तेव्हा पहिलं काम, ती आली की जागे राहा. चौकशीसाठी नाही. पाणी द्या, जेवण गरम करून द्या आणि समोर बसा. गाडीचं नाव काढू नका. चार-पाच दिवस एवढंच करा. तुम्ही म्हणाल, हे काय, मी मुद्द्याचं विचारलं आणि ताई आमटी गरम करायला सांगतायत. हा मुद्दाच आहे. अडीच महिने झोपल्याचं नाटक करणारा माणूस एका रविवारी अचानक उठून ‘मला तुझ्याशी बोलायचंय’ म्हणाला, तर ती घाबरूनच बोलायला बसेल.

मग बोलायची वेळ ठरवा. रात्री दारात नको. त्याची एक हकिकत सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. बायको बँकेत, मार्चअखेर, सहकाऱ्याच्या बाइकवरून घरी येणं. नवरा तुमच्यासारखाच सरळ. एका रात्री दार उघडून त्याने फक्त घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाला, ‘साडेअकरा.’ बास. पुढचा शब्द नाही. दुसऱ्या दिवसापासून ती कोपऱ्यावरच्या मेडिकलपाशी उतरायला लागली आणि तिथून चालत यायची, म्हणजे घरात कटकट नको. आठ दिवसांनी नवऱ्याच्या मित्राने तिला तिथे उतरताना बघितलं आणि सांगितलं. झालं. ‘काही नाहीच तर कोपऱ्यावर का उतरतेस?’ या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि असलेलं उत्तर तो ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. त्या दोघांमध्ये मैत्रीपलीकडे काही नव्हतं, हे पुढे माझ्यासमोर बोलताना दोघांनाही पटलं. पण लपवाछपवी मात्र खरी झाली होती, आणि ती त्या एका शब्दाने घडवली होती.

तुमच्याकडे रविवारी सकाळी मुलीचा कुठला तरी क्लास असेल, आई देवळात किंवा शेजारी जात असतील. तो एक तास धरा. मुलीला सोडून परत येताना दोघंच कुठेतरी चहाला बसलात तर आणखी बरं. घरात आई येईल या धाकाने आवाज दाबून बोललेलं वाक्य भांडणासारखंच वाटतं.

अमेरिकेतल्या जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञांनी नवविवाहित जोडप्यांना मतभेदाच्या विषयावर पंधरा मिनिटं बोलायला बसवून त्यांचं निरीक्षण केलं होतं. पुढच्या सहा वर्षांत कोणती लग्नं मोडतील याचा अंदाज पहिल्या तीन मिनिटांच्या बोलण्यावरूनच बराचसा लागत होता. म्हणून मी पूर्ण संभाषण पाठ करायला सांगत नाही, फक्त सुरुवात नीट ठरवून जा म्हणते. आणि तुमची सुरुवात तुमच्याकडे तयार आहे. गाडीपासून नको, उशिरापासून नको, मेसेजपासून तर नकोच. नाशिकपासून करा. साधारण असं:

‘दिवाळीच्या जेवणात त्याने मला नाशिकच्या नोकरीचं विचारलं ना, तेव्हा मला कसंतरीच झालं. ती गोष्ट आपल्या दोघांतच आहे असं मी धरून चाललो होतो. तेव्हा काही बोललो नाही, पण तेव्हापासून डोक्यात आहे.’

आणि थांबा. इथे खरंच थांबा. या वाक्यांत तुम्ही बघितलेली एक गोष्ट आहे, तुम्हाला काय वाटलं ते आहे आणि तुमचा समज काय होता ते आहे. तिच्या मनात काय आहे याबद्दल एक अक्षर नाही. आरोप नेमका तिथून सुरू होतो, समोरच्याच्या मनातलं आपण बोलायला लागलो की. ‘तुला त्याच्याशी बोलायला आवडतं’, ‘तुला घरी यावंसंच वाटत नाही’ ही वाक्यं कितीही हळू आवाजात बोलली तरी आरोपच आहेत. ‘मी आरोप करत नाहीये, पण…’ ही सुरुवातही टाळा. ती ऐकल्यावर माणूस ‘पण’च्या पुढचं ऐकण्याआधी हाताशी ढाल घेतो.

आणखी एक शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. ‘आई’. आई म्हणते, आई विचारते, आईच्या पण लक्षात आलंय. हे एकदा उच्चारलंत की विषय तुम्हा दोघांचा उरत नाही. सासू आपल्यावर पाळत ठेवते आणि नवरा तिच्या बाजूला बसलाय, एवढंच तिला दिसेल, आणि त्यात तिचं फार चुकणारही नाही. आईंना काय सांगायचं ते तुम्ही परस्पर सांगा, आजच. पुढच्या वेळी त्यांनी ‘तोच आला होता का?’ विचारलं की म्हणा, ‘हो आई, तोच. रात्रीचं कोणीतरी घरापर्यंत सोडतंय ते बरंच आहे.’ शांतपणे, दर वेळी तेच. हळूहळू त्या विचारायच्या बंद होतील. आत्तापर्यंत तुम्ही गप्प बसत होतात, आणि तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांनी ‘मुलालाही खटकतंय’ असा घेतला.

ती काय म्हणेल हे मला माहीत नाही, पण तीनपैकी काहीतरी म्हणेल असं वाटतं.

एक, ‘अरे हो, मी बोलून गेले. सॉरी, मला लक्षातच आलं नाही तुला इतकं लागेल.’ असं झालं तर विजयाचा मोह आवरा. लगेच ‘आणि दुसरं म्हणजे…’ करून गाडी, उशीर, हसणं असं सगळं गाठोडं सोडू नका.

दोन, ‘म्हणजे तू माझ्यावर संशय घेतोयस.’ इथे ‘छे, अजिबात नाही’ म्हणू नका, कारण थोडा घेताय, आणि तिला ते दिसतं. खरं बोला. ‘तू काही चूक करतेयस असं मला वाटत नाही. मला एकटं पडल्यासारखं वाटतंय, आणि रात्री एकटा पडलो की डोक्यात नको ते येतं. ते डोक्यात वाढवण्यापेक्षा तुला सांगावं असं ठरवलं.’ नवऱ्याने अस्वस्थता बोलून दाखवली की आपल्याकडे बाईला पुढचं वाक्य आधीच ऐकू येतं, ‘मग सोड नोकरी.’ तिने आईकडे, बहिणीकडे, मैत्रिणींकडे ते ऐकलेलं असतं. म्हणून तुम्ही पत्रात मला जे लिहिलंत ते तिला स्वतःहून सांगा. नोकरीचा विषय नाही, सोडायला येण्याचाही नाही. हे आधी स्पष्ट झालं तर ती बाकीचं ऐकू शकेल.

तीन, आणि माझा कल या तिसऱ्याकडे आहे, ती म्हणेल, ‘तुझ्याशी बोलायला तू असतोस का?’ किंवा, ‘नाशिकचं नाव काढलं की तू विषय बदलतोस. मला पण टेन्शन येतं रे, मी कोणाला सांगू?’ याला लगेच उत्तर देऊ नका. ‘कधी असं झालं, सांग’ एवढंच विचारा आणि ऐकून घ्या. तुम्ही विचार करत असाल, की हिने तर उलट माझ्यावरच ढकललं. तसं नाही. घरातली खिडकी कधी बंद झाली हे ती तुम्हाला सांगते आहे.

याच बोलण्यात, पहिला ताण ओसरला की, व्हॉट्सॲप उघडल्याचंही सांगा. ‘एकदा तुझा फोन बघितला मी. तसं करायला नको होतं.’ मला माहीत आहे हे अवघड आहे. पण तिने तिची खिडकी उघडावी अशी अपेक्षा करताना तुमच्याकडे एक बंद खोली नको. शिवाय ते आज ना उद्या तोंडून निघेल, बहुधा भांडणात, ‘मेसेज वाचलेत मी तुझे’ असं. तेव्हा ते शस्त्र होईल. आज सांगितलंत तर कबुली राहील. ती रागावेल. रागवू द्या. आणि पुन्हा फोन उघडू नका. ‘लास्ट सीन’ बघत बसणंही त्यातच आलं. बारा वाजून वीस मिनिटांनी दोघं ऑनलाइन होती, यावरून दोघं एकमेकांशीच बोलत होती हे सिद्ध होत नाही, पण रात्रीची झोप मात्र नक्की जाते.

मागणं एकच ठेवा, आणि ते तिला आज पाळता येईल असं असू द्या. माझ्या मते ते असं असावं: घरातल्या न ठरलेल्या गोष्टी, म्हणजे नोकरी, पैसे, आईची तब्येत, आपली भांडणं, या आधी एकमेकांशी बोलू आणि बाहेर काय सांगायचं ते दोघांनी ठरवू. हा नियम तुम्हालाही लागू. तुमचा कोणी मित्र असेल ज्याला तुम्ही बायकोच्या उशिराबद्दल सांगितलंय, तर तो या नियमात बसत नाही. सहकाऱ्याशी बोलणं कमी कर, गाडीत बसू नकोस, खाली थांबू नकोस, हे मागू नका. त्याने तुमची अस्वस्थता आठ दिवस शमेल आणि तिला ऑफिसात एक चमत्कारिक भिंत बांधावी लागेल, तीही आपल्या सीनियरशी, ज्याच्या हातात तिचं काम आणि पुढची बढती आहे.

एक छोटी व्यवहारी गोष्ट. तिच्या कामाच्या मोठ्या तारखा तिला स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायला सांगा, म्हणजे ‘हे दोन आठवडे उशीर, इथे एक दिवस लवकर’ हे घरात सगळ्यांना दिसेल, आईंनाही. ही पाळत नाही, कारण लिहिणार तीच. माझ्या माहितीतल्या एका घरात हे केलं तेव्हा नवऱ्याच्या पहिल्यांदा लक्षात आलं, की बायकोला पूर्ण नोव्हेंबरमध्ये एकही मोकळा रविवार नव्हता. त्याला तोपर्यंत फक्त रात्री दिसत होत्या.

जमलं तर एकदा त्या सीनियरला वर चहाला बोलवा, तेही तिच्याशी बोलून झाल्यावर आणि तिची हरकत नसेल तर. तोलायला, जोखायला नाही. गाडीच्या काचेपलीकडचा हसणारा माणूस आणि समोर बसून चहाबरोबर चिवडा खाणारा, मुलीला शाळा विचारणारा माणूस यांत फरक असतो. आणि तो चहा घेऊन गेला की तिच्या बाहेरच्या मैत्रीचा एक भाग तुमच्या घरात येतो. ग्लास ज्या खिडकीबद्दल बोलत होत्या ती अशी उघडते.

तुम्ही स्पष्ट विचारलेलं नाही, पण मनात असणार म्हणून लिहिते. या बोलण्यानंतर गोष्टी कोणत्या दिशेने जातात ते बघा. तिच्या बोलण्यात त्याचं नाव सहज यायला लागलं, ‘आज त्याने काय घोळ घातला माहितीये’ असं, तर घाबरू नका. ते चांगलं लक्षण आहे, माणूस लपवायचा असला की त्याचं नाव बोलण्यातून गायब होतं. उलट नाव काढताच चिडचिड, फोन उलटा ठेवणं, कॅलेंडरवर लिहिलेल्या आणि सांगितलेल्या गोष्टी एकमेकींशी न जुळणं, तारखा संपूनही रात्री तशाच राहणं, यातलं बरंच काही एकदम आणि आठवडेच्या आठवडे दिसलं, तर मात्र आडून विचारू नका. एकदा, थेट, शांतपणे विचारा, ‘तुला त्याच्याबद्दल मैत्रीपेक्षा जास्त काही वाटतं का?’ हा प्रश्न दर आठवड्याला विचारायचा नसतो, आणि ‘हो’ ऐकायची तयारी असेल तेव्हाच विचारायचा असतो. त्या उत्तरानंतर दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जावं, तिथे मी पत्रातून पुरी पडणार नाही.

आणि याच्या उलटही घडू शकतं. ती मोकळेपणाने बोलली, तो चहाला येऊन गेला, जानेवारीत ती सातला घरी यायला लागली आणि तरीही तुम्ही गॅलरीत उभे. तिचं उत्तर पटतं, तासाभराने पुन्हा शंका येते, पुन्हा विचारावंसं वाटतं. असं झालं तर समजा, की आता प्रश्न तिच्या वागण्याचा राहिलेला नाही. तेव्हा मदत तुम्ही घ्यायची. ‘टेली मानस’ची १४४१६ ही सरकारी मदतवाहिनी मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं. तुमची झोप उडालीच आहे, त्यामुळे तेवढं थांबायचीही गरज नाही.

शेवटची एक चौकशी. नाशिकवाल्यांना उत्तर कधीपर्यंत द्यायचं आहे, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. ती तारीख तिला माहीत आहे का?